नवा कारखाना, पण पैसे कुणाचे? नफ्यातल्या कंपनीची उतरंड आणि तराजू

मार्च २०२५ मध्ये मारुती सुझुकीने हरियाणातल्या खरखोदा इथे तिसरा कारखाना उभारायचं ठरवलं. क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्या, खर्च ७,४१० कोटी रुपये. अशा निर्णयानंतर नोंदणीकृत कंपनीला शेअर बाजाराकडे ठरावीक माहिती पाठवावी लागते: सध्याची क्षमता किती, त्यातली किती वापरात आहे, नवी किती येणार, कधीपर्यंत, खर्च किती, पैसे कुठून आणणार आणि हे सगळं कशासाठी. पैशांच्या रकान्यात मारुतीचं उत्तर होतं ‘इंटर्नल अॅक्रुअल्स’. म्हणजे कंपनीने कमावलेला, पण भागधारकांना न वाटता स्वतःकडे ठेवलेला पैसा. कर्ज नाही, नवे शेअरही नाहीत.

आपल्याला हे वाचून बरं वाटतं. अंथरूण पाहून पाय पसरणारी कंपनी, असं आपण मनात म्हणतो. पण वित्तशास्त्रातला एक जुना, नावाजलेला सिद्धांत या उत्तरावर कपाळाला आठ्या घालतो. इतकी नफ्यातली कंपनी, दारात कर्ज द्यायला बँका उभ्या, कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकर वाचतो, आणि तरीही ही कंपनी कर्ज घेत नाही? दुसरा सिद्धांत म्हणतो, यात नवल कसलं, नफ्यातली कंपनी असंच वागणार. एकाच कंपनीबद्दल दोन सिद्धांत उलट भाकितं का करतात, ते पाहू.

पैसे येण्याच्या तीन वाटा

कंपनीला नव्या गुंतवणुकीसाठी पैसा तीन ठिकाणांहून मिळतो. पहिलं, स्वतःची शिल्लक. दुसरं, कर्ज, मग ते बँकेचं मुदत कर्ज असो की रोखे. तिसरं, नवे शेअर विकून आलेलं भांडवल. कर्ज देणाऱ्याला ठरलेलं व्याज आणि मुद्दल मिळतं, त्यापलीकडे काही नाही. शेअर घेणारा कंपनीच्या पुढच्या सगळ्या नफ्या-तोट्यात वाटेकरी होतो. या तिन्हींचं कंपनीतलं प्रमाण म्हणजे तिची भांडवल रचना.

१९५८ साली फ्रँको मोदिल्यानी आणि मर्टन मिलर या दोघांनी दाखवलं की कर नसता, दिवाळखोरीचा खर्च नसता आणि सगळ्यांना सगळी माहिती असती, तर या प्रमाणाने कंपनीच्या एकूण किमतीत काहीच फरक पडला नसता. भाकरीचे चार तुकडे केले काय किंवा आठ, भाकरी तेवढीच. पुढचे दोन्ही सिद्धांत या ‘असतं तर’मधली एकेक अट काढून उभे राहिले. एकाने कर आणि दिवाळखोरी हाताशी धरली, दुसऱ्याने माहिती.

तराजूचं म्हणणं

पहिल्याला इंग्रजीत ‘ट्रेड-ऑफ थिअरी’ म्हणतात. आपण त्याला तराजू म्हणू. एका पारड्यात कर्जाने वाचणारा कर, दुसऱ्यात कर्जाने वाढणारा धोका. व्याज हा खर्च धरला जातो, म्हणून करपात्र नफ्यातून ते वजा होतं. लाभांश मात्र कर भरून उरलेल्या नफ्यातून द्यावा लागतो. सरकारने कर्जाच्या बाजूला घातलेलं हे झुकतं माप.

हिशेबासाठी एक कंपनी कल्पू. समजा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. व्याज आणि कर देण्याआधीचा नफा वर्षाला १३४ कोटी, कर्ज शून्य. २०१९ पासून देशी कंपन्यांना सवलती सोडण्याच्या बदल्यात जो कमी दर मिळतो तो अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के, म्हणजे मोटामोटी पाव भाग. तो भरून सुमारे १०० कोटी निव्वळ नफा उरतो. शेअर १० कोटी, भाव १५० रुपये, म्हणजे बाजाराच्या लेखी कंपनी १,५०० कोटींची. मुदत ठेवीत १२० कोटी पडून आहेत. आता तिला २०० कोटींचा नवा विभाग उभारायचा आहे.

तिने २०० कोटी ९ टक्क्यांनी उचलले तर वर्षाचं व्याज १८ कोटी, आणि त्यावर वाचलेला कर सुमारे साडेचार कोटी. हे कर्ज कायम फिरतं ठेवलं, जुनं फेडलं की नवं घेतलं, तर या बचतीची आजची किंमत कर्जाच्या पाव भागाइतकी, म्हणजे ५० कोटींच्या आसपास धरतात. दुसऱ्या पारड्यात पाहा. नफा व्याजाच्या साडेसात पट आहे, त्यामुळे कंपनी अडचणीत यायची शक्यता नगण्य. ती २ टक्के धरू. अडचण आलीच तर कंपनीची पाचवा हिस्सा किंमत, म्हणजे ३०० कोटी बुडतात असं मानू. वकील आणि न्यायाधिकरण हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग असतो तो घाबरलेल्या गिऱ्हाइकांचा, उधारी बंद करणाऱ्या पुरवठादारांचा आणि सोडून जाणाऱ्या चांगल्या माणसांचा. ३०० कोटींचे २ टक्के म्हणजे ६ कोटी. ५० मिळवायला ६ मोजायचे, तर सौदा चांगलाच.

म्हणून तराजू म्हणतो, अजून घ्या. कर्ज ६०० कोटींवर नेलं तर करबचत १५० कोटींची. व्याजदर साडेनऊवर गेला, व्याज ५७ कोटी झालं, नफा त्याच्या जेमतेम सव्वादोन पट उरला. अडचणीची शक्यता २० टक्के धरली तर धोक्याची किंमत ६० कोटी. पदरात निव्वळ ९०. आणखी पुढे, ८०० कोटींवर करबचत २०० कोटी, पण बँक आता साडेदहा टक्के मागते, व्याज ८४ कोटी होतं आणि एक वाईट वर्ष आलं की हप्ता चुकतो. शक्यता ४५ टक्के धरली तर धोका १३५ कोटींचा, पदरात ६५. म्हणजे या कंपनीचा योग्य आकडा ६०० कोटींच्या आसपास कुठेतरी. या शक्यता मी हिशेबासाठी मानलेल्या आहेत, पण आकार खरा आहे: करबचत सरळ रेषेत वाढते, धोका आधी सरपटतो आणि मग उसळतो.

यातून निघणारं भाकीत ठाम आहे. नफा जितका जास्त आणि स्थिर, तितका वाचवण्याजोगा कर जास्त आणि बुडण्याची भीती कमी. म्हणून नफ्यातल्या कंपनीचं कर्जाचं प्रमाण जास्त असायला हवं. आपली चाकणची कंपनी शून्य कर्जावर बसली आहे, तर तिने २०० कोटी पूर्ण कर्जाने उभारावेत, इतकंच नव्हे, ठेवीतले १२० कोटीही भागधारकांना वाटून टाकावेत.

हा शेवटचा भाग वाचकांना खटकतो, म्हणून त्यावर जरा थांबू. ठेव ठेवायची आणि कर्जही काढायचं, याने कर वाचत नाही. कर्जाच्या व्याजावर जो कर वाचतो, तोच ठेवीच्या व्याजावर भरावा लागतो. वर ठेवीवर ७ टक्के मिळतात आणि कर्जावर ९ जातात. हातातली रोकड म्हणजे उलट्या चिन्हाचं कर्जच. त्यामुळे तराजूचं ऐकायचं तर रोकड बाहेर गेलीच पाहिजे.

उतरंडीचं म्हणणं

दुसऱ्या सिद्धांताचं इंग्रजी नाव ‘पेकिंग ऑर्डर’. कोंबड्यांच्या खुराड्यात कुणी कुणाला चोच मारायची याचा ठरलेला क्रम असतो, त्यावरून हे नाव आलं. मराठीत आपल्याकडे नेमका शब्द आहे: उतरंड. स्वयंपाकघरात एकावर एक रचलेली मडकी. वरचं रिकामं झाल्याशिवाय खालच्याला हात घालत नाहीत. कंपनीच्या उतरंडीत वर स्वतःची शिल्लक, तिच्याखाली कर्ज, अगदी तळाशी नवे शेअर. गॉर्डन डोनाल्डसन यांनी १९६१ साली मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या अभ्यासात ही सवय टिपली होती. तिच्यामागचं कारण मात्र १९८४ साली स्ट्युअर्ट मायर्स आणि निकोलस मजलुफ यांनी मांडलं.

कारण समजायला हापूसची पेटी घ्या. वरचा थर दिसतो, खालचा दिसत नाही. खाली काय आहे हे बागायतदाराला ठाऊक, गिऱ्हाइकाला नाही. गिऱ्हाईक सरासरी भाव देतो. ज्याची पेटी तळापर्यंत चोख आहे त्याला तो भाव परवडत नाही, तो विकायला नाखूश असतो. ज्याच्या खालच्या थरात डागी आंबे आहेत तो आनंदाने देतो. काही दिवसांत गिऱ्हाइकाला कळतं की जो घाईने विकतोय त्याच्याकडे संशयानेच पाहावं. शेअर विकायला काढलेली कंपनी ही अशीच पेटी आहे.

आकड्यांत पाहू. बाजार आपल्या कंपनीला १,५०० कोटी देतो. आतल्या लोकांना ठाऊक आहे की खरी किंमत एकतर १,८०० आहे किंवा १,२००. बाहेरच्यांना दोन्ही शक्यता सारख्या वाटतात. नवा विभाग २०० कोटी खाईल आणि खर्च वजा जाता २० कोटींची भर घालेल. ठेवीतली रोकड क्षणभर विसरू आणि २०० कोटींचे नवे शेअर विकू. बाजार प्रकल्पाचे २० कोटीही मोजतो, म्हणजे जुन्यांचा वाटा १,५२० आणि नव्यांचा २००. नव्यांच्या हातात २०० भागिले १,७२०, म्हणजे ११.६ टक्के कंपनी.

समजा खरी किंमत १,८०० होती. प्रकल्प झाल्यावर कंपनी २,०२० कोटींची. नव्यांचा ११.६ टक्के वाटा २३५ कोटींचा. जुन्यांकडे उरले १,७८५. प्रकल्प केलाच नसता तर त्यांच्याकडे १,८०० होते. चांगला प्रकल्प करूनही १५ कोटींनी खड्ड्यात, कारण स्वस्तात विकलेल्या शेअरमधून ३५ कोटी नव्यांच्या खिशात गेले. उलट खरी किंमत १,२०० असेल तर जुन्यांकडे १,२५५ राहतात, ५५ कोटींचा फायदा.

म्हणजे चांगली कंपनी शेअर विकणार नाही, सुमार कंपनी विकेल. बाजार मूर्ख नाही. शेअर विक्रीची घोषणा झाली की तो म्हणतो, ही १,२००वालीच दिसते, आणि भाव १५० वरून १२२ वर आणतो. त्या भावात तर चांगल्या कंपनीचं आणखी नुकसान. ती गप्प बसते आणि २० कोटींची भर घालणारा प्रकल्प उभाच राहत नाही. प्रत्यक्षात घसरण इतकी मोठी नसते, कारण बाहेरचे इतके अंधारात नसतात. अमेरिकेत मोठ्या औद्योगिक कंपन्यांनी नव्या शेअरची घोषणा केली की त्या दिवशी भाव सरासरी सुमारे ३ टक्क्यांनी पडतो, असं १९८० च्या दशकातल्या अभ्यासांत दिसलं. ३ टक्के किरकोळ वाटतात. पण ते पूर्ण १,५०० कोटींवर लागतात, म्हणजे २०० कोटी उभारायला ४५ कोटींची किंमत.

आता तेच २०० कोटी कर्जाने आणा. बँकेला ठरलेलं व्याज मिळतं, कंपनी १,८०० ची असो वा १,२०० ची. दोन्ही परिस्थितींत कर्ज सहज फिटतं, म्हणून गैरसमजातून फुकटचा फायदा कुणाला होत नाही आणि २० कोटींची भर जुन्यांकडेच राहते. स्वतःची शिल्लक वापरली तर बाहेरच्या कुणाला पटवण्याचाच प्रश्न नाही. उतरंडीचा क्रम इथून येतो. बाहेरच्याच्या अज्ञानावर जितकं कमी अवलंबून, तितकं ते मडकं वर.

एकच कंपनी, दोन भाकितं

चाकणच्या कंपनीसाठी उतरंड सांगते: आधी ठेवीतले १२० कोटी मोडा, कमी पडणारे ८० कोटी कर्जाने आणा, शेअरला हात लावू नका. तराजू सांगतो: २०० च्या २०० कर्जाने आणा आणि रोकड वाटून टाका.

फरक आणखी खोल आहे. तराजूला कर्जाचा एक नेमका आकडा गाठायचा असतो. उतरंडीत असा आकडाच नसतो. कर्ज म्हणजे आजवर गुंतवणूक जितक्या वेळा कमाईच्या पुढे गेली त्याची साठलेली बेरीज. दोन सारख्याच कंपन्या, पण एकीने गेली दहा वर्षं भरपूर कमावलं आणि दुसरीने बेताचं. उतरंडीनुसार पहिलीकडे कर्ज कमी. तराजूनुसार पहिलीकडे कर्ज जास्त.

या प्रश्नावर आकडे बऱ्यापैकी एका बाजूने बोलतात. रघुराम राजन (हो, आपले माजी रिझर्व्ह बँक गव्हर्नर) आणि लुईजी झिंगालेस यांनी १९९५ साली ७ मोठ्या औद्योगिक देशांतल्या कंपन्या तपासल्या. बहुतेक देशांत चित्र तेच होतं: नफा जास्त तिथे कर्ज कमी. नंतरच्या अभ्यासांतही हे पुन्हा पुन्हा दिसलं. भारतातली उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. माहिती तंत्रज्ञानातल्या आपल्या काही मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं बँकांच्या कर्जाशिवाय चालतात. तराजूच्या भाषेत त्या दरवर्षी करबचत रस्त्यावर टाकून देतात.

१९९९ साली लक्ष्मी श्याम-सुंदर आणि मायर्स यांनी १५७ अमेरिकन कंपन्यांत थेट उतरंड मोजली. कंपनीच्या कमाईतून गुंतवणूक आणि लाभांश भागला नाही, की जी तूट उरते तिच्यातल्या दर डॉलरमागे सुमारे ७५ सेंट कर्जातून आले होते. पण २००३ साली मरे फ्रँक आणि विधान गोयल यांनी याहून खूप मोठ्या नमुन्यावर तीच चाचणी लावली आणि निकाल पुष्कळ फिका पडला. छोट्या, वेगाने वाढणाऱ्या कंपन्या सर्रास शेअर विकतात. गंमत अशी की बाहेरच्यांना ज्यांच्याबद्दल सगळ्यात कमी माहिती असते त्या याच कंपन्या, म्हणजे उतरंड खरी तर यांच्यातच सगळ्यात कडक दिसायला हवी होती. स्थिरस्थावर आणि नफ्यातल्या मोठ्या कंपनीपुरतं बोलायचं, तर पुढचा रुपया कुठून येईल हे उतरंड चांगलं सांगते. तराजूचा उपयोग कर्ज कुठे थांबेल हे ओळखायला जास्त होतो.

‘पण कर वाचवायची संधी कंपन्या का सोडतील?’

हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असं की ती संधी वर दाखवली तेवढी मोठी नसते, आणि याची कारणं कराच्या नियमांतच आहेत.

पहिलं, कर्ज कायमचं नसतं. कारखान्याचं मुदत कर्ज साधारण सात वर्षांत फेडायचं असतं. आपल्या २०० कोटींचं मुद्दल सात समान वार्षिक हप्त्यांत फेडलं तर एकूण व्याज ७२ कोटी, वाचलेला कर १८ कोटी. कुठे ५० आणि कुठे १८. दुसरं, कारखाना बांधून सुरू होईपर्यंतचं व्याज त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होत नाही. ते यंत्र-इमारतीच्या किमतीत मिळवावं लागतं आणि पुढे घसाऱ्याच्या रूपाने थेंबथेंब परत येतं. बांधकाम रखडलं की करबचतही रखडते.

तिसरं कारण मिलर यांनी १९७७ सालीच मांडलं होतं आणि भारतात ते चपखल बसतं. कर फक्त कंपनी भरत नाही, पैसे घेणाराही भरतो. कंपनीचे १०० रुपये व्याज म्हणून सर्वात वरच्या, ३० टक्के टप्प्यातल्या माणसाला मिळाले, तर उपकर धरून ३१.२० रुपये कर जातो, हातात ६८.८०. तेच १०० रुपये नफा म्हणून राहिले तर कंपनी २५.१७ भरते, ७४.८३ उरतात. ते न वाटता कंपनीतच ठेवले, त्याने शेअरचा भाव वाढला आणि वर्षाहून जास्त काळ थांबून भागधारकाने विकले, तर उपकरासह १३ टक्के कर जाऊन हातात ६५.१० येतात. म्हणजे कर्जाचा फायदा २५ रुपयांचा नाही, पावणेचार रुपयांचा. भागधारक आणखी दहा वर्षं विकायला थांबला, तर तेवढाही राहत नाही. लाभांश वाटला तर गोष्ट वेगळी: ७४.८३ वर पुन्हा ३१.२ टक्के, हातात ५१.४८. (अधिभार सोडून दिला आहे, आणि व्याज घेणारा प्रत्येक वेळी वरच्या टप्प्यातला नसतो.) करांचा हा हिशेब कंपनीला सांगतो की नफा वाटू नको, आतच गुंतव. उतरंडीचं वरचं मडकं इथे करानेच भरलं जातं.

इथे एक सावधगिरी. २०१९ मध्ये कंपनी कर जवळपास ३५ वरून २५ टक्क्यांवर आला आणि त्यानंतर कंपन्यांचं कर्ज घटलं, तर त्याने तराजू सिद्ध झाला असं म्हणायची घाई नको. तराजू म्हणेल, करबचत लहान झाली म्हणून कर्ज घटलं. उतरंड म्हणेल, कर कमी गेला म्हणून शिल्लक वाढली, म्हणून कर्ज घटलं. दोघांचं भाकीत एकच असेल तर ती घटना साक्षीला बोलावून उपयोग नाही.

‘स्वतःचा पैसा म्हणजे फुकटचा पैसा?’

अजिबात नाही, आणि हा गैरसमज संचालक मंडळातही भेटतो. राखून ठेवलेला नफा भागधारकांचाच. त्यांना तो मिळाला असता तर तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी त्यांनी समजा १३ टक्के मिळवले असते. मग नव्या विभागानेही १३ टक्के दिलेच पाहिजेत, पैसा ठेवीतून आला तरी. ‘ठेवीवर ७ मिळत होते, प्रकल्प ९ देतोय’ हा हिशेब चूक आहे, कारण ठेव सुरक्षित होती आणि कारखाना नाही. उतरंडीचा दावा इतकाच आहे की स्वतःचा पैसा वापरताना माहितीच्या दरीची दस्तुरी द्यावी लागत नाही. तो स्वस्त आहे असं ती कुठेच म्हणत नाही.

‘रिलायन्सने तर शेअर विकले होते’

२०२० साली रिलायन्स इंडस्ट्रीजने ५३,१२४ कोटींचे हक्काचे शेअर काढले आणि त्याच सुमारास जिओ प्लॅटफॉर्म्समधला हिस्सा फेसबुकसह अनेकांना विकला. कंपनी नफ्यात होती, कर्ज तिला सहज मिळत होतं. उतरंडीचं तळाचं मडकं तिने आधी का उचललं?

बारकाईने पाहिलं तर तिने तळाच्या मडक्याची अडचणच टाळली. हक्काचे शेअर जुन्या भागधारकांनाच देऊ केले जातात, इथे दर १५ शेअरमागे १, भाव १,२५७ रुपये. जुनाच माणूस घेणार असेल तर भाव कमी ठेवला काय किंवा जास्त, एका खिशातून दुसऱ्या खिशात. आधीच्या उदाहरणातले ३५ कोटी परक्याकडे गेले होते, इथे परका नाहीच. (जो हक्क वापरत नाही किंवा विकत नाही, त्याचं मात्र नुकसान होतं.) जिओचे खरेदीदार वहीखाती उघडून तपासणारे होते, त्यांना पेटीचा खालचा थर दाखवता आला. माहितीची दरी जिथे अरुंद, तिथे क्रम सैल होतो.

पण उतरंडीची पूर्ण सुटका होत नाही. हा पैसा मुख्यतः मार्च २०२० च्या १,६१,०३५ कोटींच्या निव्वळ कर्जाला उतारा म्हणून आला, आणि हे निव्वळ कर्ज शून्यावर आणण्याचं लक्ष्य कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्येच जाहीर केलं होतं. आकडा ठरवून त्याकडे जाणं ही तराजूची चाल. फक्त शून्य हा आकडा कुठलाच तराजू सुचवणार नाही. पुढे मोठी गुंतवणूक करायची असेल तर आज कर्ज घ्यायची जागा मोकळी करून ठेवणं, असा अर्थ लावता येतो. उद्या तळाचं मडकं उचलायची वेळ नको म्हणून आज मधलं रिकामं ठेवायचं, हे मायर्स यांच्याच मांडणीत बसतं.

‘खरं कारण प्रवर्तकांची खुर्ची’

भारतात हा संशय घ्यायलाच हवा. आपल्या कंपनीत प्रवर्तक घराण्याकडे ५२ टक्के आहेत, म्हणजे ५.२ कोटी शेअर. १५० च्या भावाने २०० कोटींचे नवे शेअर बाहेरच्यांना विकले तर एकूण शेअर ११.३३ कोटी होतात आणि घराण्याचा वाटा ४५.९ टक्क्यांवर येतो. साधं बहुमत गेलं. शेअर टाळायला हे कारण पुरेसं आहे, त्यासाठी हापूसच्या पेटीची गरज नाही. तसंच बँकेचं कर्ज म्हणजे तिमाही हिशेब, तारण, नव्या खर्चाला परवानगी. स्वतःची रोकड म्हणजे कुणाला विचारायला नको. काही व्यवस्थापनांना उतरंडीचं वरचं मडकं आवडतं ते याचसाठी, आणि अशा कंपनीत सुमार प्रकल्पही सहज मंजूर होतात.

कारण कोणतं, हे ओळखायची एक जागा आहे. माहितीची दरी हे कारण असेल तर हक्काचे शेअर काढायला कंपनी तयार असेल, कारण तिथे दरीची झळ लागत नाही. खुर्चीची भीती असेल तर हक्काचे शेअरही नकोत, कारण आपला वाटा टिकवायला घराण्याला स्वतःच्या खिशातून पैसे घालावे लागतात. इथे ५२ टक्क्यांप्रमाणे १०४ कोटी.

स्वतः तपासायचं असेल तर

घोषणेतल्या ‘इंटर्नल अॅक्रुअल्स’ या शब्दांवर थांबू नका. वार्षिक अहवालातलं रोख प्रवाह पत्रक उघडा. व्यवसायातून आलेली रोकड घ्या. खेळत्या भांडवलातला बदल त्यात आधीच धरलेला असतो. त्यातून यंत्र-इमारतींवरचा खर्च, व्याज आणि लाभांश वजा करा. उत्तर उणे आलं तर ती तूट. मग खाली वित्तपुरवठ्याच्या भागात नवं कर्ज वजा फेडलेलं कर्ज, आणि नवे शेअर, या दोन ओळी पाहा. पाच-सात वर्षं सलग मांडा, एका वर्षावरून काही ठरत नाही. दोन ठिकाणी फसगत होते. ठेवी आणि म्युच्युअल फंडातली रक्कम गुंतवणुकीच्या भागात लपलेली असते, ती मोडली की यंत्रखर्चाशी मिसळून जाते, म्हणून तिची ओळ वेगळी काढा. आणि पुरवठादारांचे पैसे लांबवून केलेली सोय वरच्या रोकडीत कमाईसारखी दिसते. देणी विक्रीपेक्षा वेगाने वाढत असतील, तर ते ‘अंतर्गत स्रोत’ खरं म्हणजे पुरवठादाराचं बिनव्याजी कर्ज आहे.

निवाडा करणारं वर्ष तुटीचं नसतं. तुटीच्या वर्षी नफ्यातली कंपनी दोन्ही सिद्धांतांनुसार कर्जच घेते. पाहायचं ते वाढाव्याचं वर्ष. कारखाना उभा राहिला, नफा जोरात आहे, नवा प्रकल्प नाही, आणि कंपनी जुनं कर्ज मुदतीआधी फेडते किंवा ठेवी वाढवते, तर ती उतरंडीने चालते, रिकामी झालेली मडकी पुन्हा भरते. त्याच वर्षी तिने कर्ज तसंच ठेवून मोठा लाभांश दिला किंवा शेअर परत विकत घेतले, तर तिच्या अर्थप्रमुखाच्या मनात एक आकडा आहे आणि तो तराजू धरून बसला आहे.